हॅप्लोग्रुपचा अहवाल कसा वाचावा: आईची रेघ, वडिलांची रेघ आणि आपली ओळख

लाळेचा नमुना पाठवून डीएनए तपासून घेणारी घरं आता शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातही सापडतात. बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी पुण्यात, दुबईत नाहीतर अमेरिकेत असतं. तिथून ते तपासणी करून घेतं आणि अहवालाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येतो. त्यात R-L657 किंवा M30 असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि लगेच प्रश्न सुरू होतात. म्हणजे आपण मूळचे कुठले? आपली जात खरी कोणती? आपण बाहेरून आलो का?

या प्रश्नांची उत्तरं त्या कोडमध्ये नसतात. त्यात दुसरी एक माहिती असते, ती खरी असते आणि नीट वाचली तर उपयोगीही असते. ती कशी वाचायची आणि कुठे थांबायचं, हे या लेखात सांगतो.

कोणत्या रेघा, आणि त्या कुणाकडे सापडतात

आपला बहुतेक डीएनए आई आणि वडील दोघांकडून येतो आणि दर पिढीत नव्याने मिसळतो. दोन तुकडे मात्र न मिसळता पुढे जातात. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांना मिळतो, पण तो पुढे नेते फक्त मुलगी. म्हणून वाय गुणसूत्रावरून वडील, आजोबा, पणजोबा अशी एकच पुरुषांची रेघ मागे जाते, तर मायटोकाँड्रियावरून आई, तिची आई, तिची आई अशी एकच बायकांची रेघ.

हे तुकडे न मिसळता चालत असले, तरी मधूनमधून त्यांत एखाद्या अक्षराचा बदल होतो. तो बदल त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या वंशात राहतो. जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदी एकामागोमाग लावल्या की सातबारा कसकसा फुटत गेला ते कळतं, तसं या बदलांच्या क्रमावरून कोणती फांदी कोणत्या फांदीतून निघाली ते कळतं. एकाच बदलाचा वारसा सांगणाऱ्या सगळ्या लोकांच्या फांदीला हॅप्लोग्रुप म्हणतात. R-L657 म्हणजे R या मोठ्या फांदीतल्या ज्या उपफांदीवर L657 हा बदल आहे, ती.

अहवाल हातात आला की पहिली गोष्ट ही करावी, की कोणती रेघ घरात कुणाकडे आहे ते नात्यांच्या भाषेत लावून पाहावं. समजा, शिर्डीतल्या एका घरातल्या बहिणीचा अहवाल आला आणि त्यात M30 एवढंच लिहिलं आहे, वडिलांच्या रेघेचा रकाना रिकामा आहे. यात तपासणी चुकलेली नाही. बाईकडे वाय गुणसूत्र नसतं, त्यामुळे वडिलांच्या रेघेसाठी वडिलांचा, सख्ख्या भावाचा किंवा काकांचा नमुना लागतो. भावाने तपासणी केली आणि R-L657 आलं, तर पुढचं असं लागतं:

- मामा, मावशी आणि मावसभावंडं यांच्याकडेही M30च असेल, कारण ती रेघ आईच्या आईची आहे. आई हयात नसेल तर मामाचा नमुना चालतो.
- चुलते आणि चुलतभाऊ यांच्याकडे R-L657 असेल, पण त्या चुलतभावांच्या आईची रेघ वेगळी असेल.
- वडिलांच्या आईची रेघ या भावंडांकडे नाही. ती वडिलांकडे, आत्याकडे आणि आत्तेभावंडांकडे आहे.
- आईच्या वडिलांची पुरुषरेघही या भावंडांकडे नाही. ती मामाकडे आणि मामेभावाकडे आहे.

एवढं कागदावर मांडलं की अहवालाची मर्यादा तिथेच दिसते. आजी-आजोबा चार, त्यांतल्या दोघांच्या रेघा या भावाच्या अहवालात आहेत आणि बहिणीच्या अहवालात एकाच आजीची.

मागे जावं तसं काय सुटत जातं

दर पिढीला पूर्वजांच्या जागा दुप्पट होतात. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण पेशवाईच्या काळात, आपल्या वंशवृक्षात १०२४ जागा असतात. पुरुषाच्या अहवालात त्यांतली एक जागा वायची रेघ दाखवते आणि एक मायटोकाँड्रियाची. बाकी १०२२ जागांवरच्या माणसांबद्दल हॅप्लोग्रुप एक अवाक्षर सांगत नाही.

जागा १०२४ असल्या तरी माणसं तेवढी नसतात, कारण आपल्याकडे नात्यात लग्नं होत आली आहेत. मामाच्या मुलीशी लग्न हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. एका माणसाने आपल्या मामाच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना मूल झालं. त्या मुलाच्या पणजोबा-पणजींच्या जागा आठ, पण माणसं सहाच. वडिलांच्या आईचे आईबाप तेच आईच्या वडिलांचेही आईबाप, म्हणून ते जोडपं वृक्षात दोनदा येतं.

आता त्या दोनदा आलेल्या जोडप्याच्या रेघा मुलाच्या अहवालात शोधा. पणजोबांचं वाय गुणसूत्र त्यांच्या मुलापर्यंत, म्हणजे मामापर्यंत आलं. मामाला मुलगी झाली, तिथे या घराकडे येणारी ती रेघ थांबली. पणजीचा मायटोकाँड्रिया तिच्या मुलीकडे, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या आईकडे आला आणि तिथून वडिलांपर्यंत पोचला, पण वडील तो पुढे देत नाहीत. मामाकडेही तो होता, पण मामाच्या मुलीने आपल्या आईचा घेतला. म्हणजे ज्या जोडप्याचा वाटा या मुलात दोन्ही बाजूंनी आला आहे, त्याच जोडप्याचा पत्ता त्याच्या दोन्ही हॅप्लोग्रुपमध्ये नाही. रक्ताचं नातं किती जवळचं आहे आणि हॅप्लोग्रुप काय दाखवतो, या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत.

कोकणातल्या बेने इस्रायलींचं उदाहरण

एखाद्या समाजाच्या बाबतीत हे कसं दिसतं, ते बघायला महाराष्ट्रातच एक चांगलं उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावावरून पडली, जसं पेणकर, रोहेकर, केहीमकर. घरात मराठी, संदेष्टा एलियाहूच्या नावाने मलिद्याचा विधी, आणि पुढच्या काळात मराठीतून कीर्तनंसुद्धा.

यांच्या आईच्या रेघा तपासल्या गेल्या तेव्हा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात M39 या हॅप्लोग्रुपची एक फांदी ठळकपणे पुढे आली. M39 ही भारतीय उपखंडातली फांदी आहे. २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात १८ बेने इस्रायलींचा फक्त या दोन रेघांचा नव्हे, तर सगळ्या गुणसूत्रांचा डीएनए पाहिला होता. त्यांच्यात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही मोठे वाटे निघाले. पश्चिम आशियातला वाटा जास्त करून पुरुषांकडून आणि भारतीय वाटा जास्त करून बायकांकडून आल्याची चिन्हं दिसली. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं असावं, असा अंदाज निघाला.

या निकालातून तीन चुकीचे अर्थ सहज निघू शकतात आणि ते ओळखता आले की कुठलाही अहवाल वाचता येतो.

पहिला चुकीचा अर्थ असा, की आईची रेघ इथली आहे म्हणजे ते मुळात यहुदी नाहीत. यहुदी धर्मशास्त्रात वंश आईकडून धरतात, म्हणून हा अर्थ काढायचा मोह जास्त होतो. पण M39 एवढंच सांगतो, की त्या रेघेच्या मुळाशी असलेली बाई उपखंडातल्या वंशाची होती. ती लग्न करून समाजात आली का, तिने धर्म स्वीकारला का, तिच्या लेकी आणि नाती कोणत्या घरात, कोणत्या रीतीने वाढल्या, हे मायटोकाँड्रियावर उमटत नाही.

दुसरा चुकीचा अर्थ याच्या उलटा. बापाच्या रेघा पश्चिम आशियाकडे जातात म्हणजे ते मराठी नव्हेत, बाहेरचे आहेत. पिढ्यानपिढ्या कोकणात राहून, मराठी बोलून, इथल्या गावांची आडनावं लावून जगलेल्या माणसांना एका रेघेवरून बाहेरचं ठरवणं हेही तितकंच खोटं.

तिसरी चूक काळाची. १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी मिश्रण झालं, याचा अर्थ ते तेव्हा आले असा नाही. लोक आधी येऊन नंतर मिसळू शकतात. मिश्रणाचा काळ आणि आगमनाचा काळ या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून जहाजाच्या परंपरेला हा आकडा खरंही ठरवत नाही आणि खोटंही.

मग त्यांची ओळख ठरली कशी? इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये काढले. समाजाने याविरुद्ध आंदोलन उभं केलं आणि ते जेरुसलेमच्या रस्त्यावर आलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने यहुदी आहेत अशी भूमिका घेतली, आणि त्यानंतर धर्मपीठालाही त्यांचं नाव घेऊन काढलेले आदेश बदलावे लागले. तेव्हा डीएनएची तपासणी अस्तित्वातच नव्हती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यासाठीही कुणाचा हॅप्लोग्रुप मागितला नाही. समाज स्वतःला काय मानतो, कोणते विधी पाळतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि इतर लोक व कायदा त्याला कसं ओळखतात, यांवर ती ओळख उभी आहे.

एकाच फांदीवर अनेक समाज

हॅप्लोग्रुपच्या फांद्या बहुतेक वेळा आजच्या जाती, भाषा आणि धर्म यांच्यापेक्षा पुष्कळ जुन्या असतात. M या मातृवंशाचं मूळ सुमारे ५० ते ६० हजार वर्षं मागे जातं आणि भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या आईची रेघ त्याच्याच कुठल्यातरी उपफांदीवर बसते. इतक्या जुन्या फांदीला आजच्या एका समाजाचं नाव देताच येत नाही.

R1a हा पितृवंश तर यासाठी मुद्दाम लक्षात ठेवावा. त्याला उत्साहाने आर्यांचा किंवा ब्राह्मणांचा म्हणणारे पुष्कळ आहेत. पण २००३ च्या एका अभ्यासात आंध्र-तेलंगणाच्या जंगलपट्ट्यातल्या चेंचू या आदिवासी जमातीच्या तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे चौथा हिस्सा R1a वर निघाला. पोलंडमध्ये निम्म्याच्या आसपास पुरुष R1a चे आहेत, फक्त तिथली उपफांदी वेगळी आणि R-L657 ही दक्षिण आशियात जास्त आढळणारी उपफांदी वेगळी. R-L657 चं मूळही सुमारे चार हजार वर्षं मागे आहे. शिर्डीतल्या दोन घरांत तो कोड सारखा आला, तर त्यांचा सामाईक पूर्वज चार हजार वर्षांपूर्वीचाही असू शकतो. तेवढ्यावरून भाऊबंदकी सिद्ध होत नाही.

याच्या उलट एखादी फांदी अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधलं एक दुर्मीळ आडनाव लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी सात जणांत A1 हा पश्चिम आफ्रिकेतला पितृवंश सापडला. हा निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती माणसं इंग्रजच होती. कधीतरी मागे एक आफ्रिकी पूर्वज त्या रेघेत आला आणि बाकी सगळे पूर्वज आसपासचे राहिले.

आपल्या घराण्यांत तर रेघ आणि ओळख वेगवेगळी जाण्याची सरळ रीतच आहे, ती म्हणजे दत्तक. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये जन्मले, यशवंतराव या नावाने. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. पितृवंशाची रेघ घाटग्यांची, आणि इतिहासात, कायद्यात आणि लोकांच्या मनात ते छत्रपती भोसले. यांतली एक गोष्ट खरी धरायला दुसरी खोटी ठरवावी लागत नाही. गोत्र, देवक, कुळाचार हे समाजाचे नियम आहेत. दत्तक मुलगा, लग्न होऊन आलेली सून हे सगळे त्या नियमांत बसतात. वाय गुणसूत्राला ते नियम ठाऊक नाहीत.

शिर्डीत तर मूळ आणि ओळख यांच्या प्रश्नाला आपण रोज सामोरे जातो. साईबाबांनी आपल्या जन्मघराविषयी ठाम असं काही सांगितलं नाही. जन्मस्थानाच्या वादातून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंदही पाळला गेला. कुणाच्याही दोन रेघा पूर्ण माहीत असल्या, तरी त्यांवरून त्याचं जन्मगाव निघत नाही आणि धर्म तर नाहीच नाही. द्वारकामाईत धुनी पेटती ठेवणाऱ्या फकिराला समजून घ्यायचं तर त्यांचं वागणं आणि त्यांची शिकवण यांकडेच जावं लागतं.

अहवाल हातात आल्यावर

आधी नमुना कुणाचा आहे ते पाहा आणि वर सांगितल्याप्रमाणे ती रेघ कुणाकुणाला लागू आहे ते लिहून काढा. हे न केल्यामुळे आईच्या वडिलांची रेघ आपली समजण्याची चूक फार होते.

मग कोड किती खोलवरचा आहे ते पाहा. एका कंपनीने नुसतं R1a सांगितलं आणि दुसरीने R-L657, तर दोघींत विरोध नाही. दुसरीने त्याच फांदीवर पुढे जाऊन उपफांदी सांगितली आहे. जुन्या अहवालात लांबलचक नाव असतं आणि नव्यात शेवटच्या बदलाचं नाव असतं, त्यामुळेही एकच फांदी दोन नावांनी दिसते. मात्र एकात R आणि दुसऱ्यात H अशी मूळ अक्षरंच वेगळी आली, तर नमुन्यांची अदलाबदल झाली का, की नमुना दुसऱ्याच नातेवाइकाचा आहे, हे तपासावं.

टक्केवारीचा नकाशा आणि हॅप्लोग्रुप यांची सरमिसळ करू नका. अमुक टक्के दक्षिण भारतीय, तमुक टक्के मध्य आशियाई असं जे लिहिलेलं असतं, ते बाकीच्या गुणसूत्रांवरून काढलेलं असतं. कंपनीकडे तुलनेसाठी कोणत्या समाजांचे नमुने आहेत यावर ते आकडे ठरतात, म्हणून ते कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात. तो समानतेचा अंदाज आहे, जातीचा किंवा वंशाचा दाखला नाही.

दोन घरं खरोखर एका कुळातली आहेत का, हे जाणून घ्यायचं असेल तर नुसता हॅप्लोग्रुप पुरत नाही. दोन्ही घरांतल्या पुरुषांची वाय गुणसूत्राची बारीक तपासणी शेजारीशेजारी ठेवावी लागते आणि तिच्या जोडीला कागद लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावनिहाय, घराण्यानिहाय पिढ्यांची नावं असतात. ती आणि जुन्या महसुली नोंदी आधी पाहाव्यात, कारण त्यांत ज्या १०२२ जागा डीएनएच्या या दोन रेघा सोडून देतात त्यांतल्याही काहींची नावं मिळतात.

नमुना देण्यापूर्वी घरात बोलून घ्या. सख्खे चुलतभाऊ समजल्या जाणाऱ्या दोघांच्या वाय रेघा वेगळ्या निघू शकतात. मागे कधी गुपचूप दत्तक घेतलेलं असेल किंवा आणखी काही असेल, ते अशा वेळी उघडं पडतं आणि नमुना न दिलेल्या नातेवाइकांनाही त्याचा चटका बसतो. माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार करावा. २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली होती. नातेवाईक शोधण्याची सोय बंद ठेवता येते का आणि नमुना नष्ट करायला सांगता येतो का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. अज्ञान मुलांचे नमुने तर पाठवूच नयेत. मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील.

जातीच्या दाखल्यासाठी या अहवालाचा उपयोग नाही. जात पडताळणीसाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे शाळा सोडल्याचे दाखले, महसुली नोंदी असे कागद लागतात. हॅप्लोग्रुप दाखवून काम होईल असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

शेवटी, वंशावळीच्या वहीत हे नोंदवायचं असेल तर असं नोंदवा: नमुना कुणाचा, रेघ आईची की वडिलांची, कोड काय, तपासणी कोणत्या वर्षी आणि कोणत्या कंपनीची. उदाहरणार्थ, 'पितृवंश R-L657, थोरल्या भावाच्या नमुन्यावरून, २०२४'. ही नोंद त्या एका रेघेपुढेच राहू द्या. जात, समाज, धर्म, मूळ गाव हे रकाने तिच्यावरून भरू नका. ते भरायचे तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आणि जुने कागद पाहून भरा.